तीनपैकी दोन? कॅप प्रमेयाची गोष्ट

आज आपण एका वाक्याचा इतिहास बघणार आहोत. संगणकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकलेलं असतं: ‘सुसंगतता, उपलब्धता आणि विभाजन-सहनशीलता, या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात.’ वाक्य सुटसुटीत आहे, पण ते जसं पाठ केलं जातं तसं फसवं आहे.

सुरुवात होते जुलै 2000 मध्ये. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात वितरित संगणनावरची एक परिषद भरली होती. तिथे बर्कलीचे प्राध्यापक एरिक ब्रूअर यांचं बीजभाषण झालं. ब्रूअर नुसते प्राध्यापक नव्हते. इंकटोमी नावाच्या सर्च इंजिन कंपनीचे ते सहसंस्थापक होते. एका महागड्या संगणकाऐवजी शेकडो साधे संगणक जोडून सेवा चालवायची, हे काम त्यांनी स्वतः केलं होतं. त्या अनुभवातून त्यांनी तीन गुणांचा हा पेच मांडला. पण तेव्हा तो अंदाज होता, सिद्धता नव्हती.

सिद्धता 2002 मध्ये आली. एमआयटीच्या सेथ गिल्बर्ट आणि नॅन्सी लिंच यांनी आधी तिन्ही शब्दांच्या काटेकोर व्याख्या केल्या आणि मग प्रमेय सिद्ध केलं. ही सिद्धता इतकी सोपी आहे की आपण ती इथे बोलता बोलता करू शकतो.

समजा, दोन संगणक आहेत, क आणि ख. दोघांकडे एकाच खात्याची शिल्लक लिहिलेली आहे, 500 रुपये. कुणी क कडे जाऊन ती 300 केली, आणि ‘झालं’ असं उत्तर त्याला मिळालं. त्यानंतर कुणीही, कुठेही विचारलं तरी 300 हेच उत्तर यायला हवं. ही झाली सुसंगतता. म्हणजे प्रती कितीही असोत, बाहेरच्या माणसाला एकच वही आहे असं वाटलं पाहिजे.

उपलब्धता म्हणजे जो संगणक चालू आहे, त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक विनंतीला खरं उत्तर मिळालं पाहिजे. ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ हे इथे उत्तर धरत नाहीत.

आणि विभाजन म्हणजे क आणि ख दोघेही धडधाकट आहेत, पण त्यांच्यामधला निरोपच पोहोचत नाही. केबल तुटली, स्विच बिघडला, काहीही. अशा वेळीही यंत्रणेने आपलं वचन पाळलं, तर ती विभाजन-सहनशील.

आता बघा. दुवा तुटलेला आहे. क वर 300 लिहिले गेले. उपलब्धता हवी, म्हणून क ने ‘झालं’ म्हटलं. मग कुणी तरी ख ला शिल्लक विचारली. ख ला 300 ची बातमीच नाही. तो 500 म्हणाला तर सुसंगतता गेली, आणि गप्प राहिला तर उपलब्धता गेली. तिसरी वाट नाही. संपली सिद्धता.

पण यातली मेख लक्षात घ्या. ‘तीनपैकी दोन’ म्हटलं की वाटतं, आपण दुकानात उभे आहोत आणि विभाजन हा पदार्थ नको असेल तर तो ताटात घेऊ नये. केबल आपल्याला विचारून तुटत नाही. जाळ्यावर पसरलेल्या यंत्रणेत विभाजन कधी ना कधी होणारच. निवड आहे ती त्या क्षणी: थांबायचं, की चुकीच्या उत्तराची जोखीम घेऊन बोलायचं? स्वतः ब्रूअर यांनी 2012 मध्ये लेख लिहून हेच सांगितलं, की ‘तीनपैकी दोन’ ही मांडणी दिशाभूल करते.

दोन्ही प्रकारची उत्तरं लोकांनी प्रत्यक्षात निवडली आहेत. ॲमेझॉनने 2007 मध्ये डायनॅमो या साठ्याबद्दल निबंध प्रसिद्ध केला. खरेदीच्या टोपलीत वस्तू टाकताना ग्राहकाला कधीच नकार द्यायचा नाही, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून दोन्हीकडे लिहू द्यायचं आणि फरक पडलाच तर नंतर दोन टोपल्या एकत्र करायच्या. त्यात टाकलेली वस्तू हरवत नाही, पण काढून टाकलेली वस्तू कधी कधी परत टोपलीत दिसते. टोपलीच्या बाबतीत हे चालतं. बँकेच्या शिल्लकेच्या बाबतीत चालेल का, याचा विचार ज्याचा त्याने करायचा.

उलट बाजूला बहुमताची पद्धत आहे. पाच संगणकांपैकी तीन एकमेकांशी बोलू शकतात तोवर ते तिघे काम चालू ठेवतात. उरलेले दोन गप्प बसतात. इथे सुसंगतता टिकते आणि त्या दोघांच्या बाजूला अडकलेल्यांना सेवा मिळत नाही.

आता एक घडलेला प्रसंग सविस्तर बघू. 22 ऑक्टोबर 2018, आपल्याकडे सोमवारची पहाट, चार वाजून बावीस मिनिटं. गिटहबच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावर जाळ्याचं एक बिघडलेलं उपकरण बदलण्याचं नेहमीचं काम चालू होतं. त्यात तिथल्या मुख्य डेटा सेंटरचा दुवा तुटला. फक्त 43 सेकंदांसाठी.

त्यांचे मायएसक्यूएल डेटाबेस कोणाच्या नेतृत्वाखाली चालायचे, हे ठरवणारी स्वयंचलित यंत्रणा बहुमतावरच चालत होती. उरलेल्या ठिकाणच्या संगणकांचं बहुमत जमलं आणि त्यांनी नेतृत्व पश्चिम किनाऱ्याकडे दिलं. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं. पण पूर्वेकडे थोड्या वेळात ज्या नोंदी झाल्या होत्या, त्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. दोन किनाऱ्यांमधली नक्कल मागाहून होत असे. वापरणाऱ्याला ‘झालं’ हे उत्तर आधीच मिळून गेलेलं होतं. एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशा 954 नोंदी होत्या.

दुवा जुळला आणि नव्या नोंदी पश्चिमेला होऊ लागल्या. म्हणजे पूर्वेकडे जे होतं ते पश्चिमेला नाही, आणि पश्चिमेला जे आलं ते पूर्वेकडे नाही. आपले क आणि ख! पश्चिमेला जवळपास 40 मिनिटांच्या नोंदी साचल्या होत्या, त्यामुळे सरळ मागे फिरणंही शक्य नव्हतं.

तेव्हा अभियंत्यांनी ठरवलं की माहितीची अचूकता आधी, सेवेचा वेग नंतर. वेबहुक आणि पेजेसची कामं मुद्दाम थांबवली, बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभे केले आणि नक्कल जुळेपर्यंत वाट बघितली. लोकांना जुनी माहिती दिसत राहिली. 43 सेकंदांच्या तुटीपायी 24 तास 11 मिनिटं सेवा विस्कळीत होती. कोड साठवलेल्या रिपॉझिटरी सुरक्षित होत्या, गोंधळ होता तो इश्यू, पुल रिक्वेस्ट अशा नोंदींचा.

या गोष्टीत निवड तीनदा झाली, हे बघा. नक्कल मागाहून करायची हे ठरलं तेव्हा पहिली, सगळं सुरळीत चालू असताना. यंत्राने पश्चिमेला नेतृत्व दिलं तेव्हा दुसरी, सेवा चालू राहावी म्हणून. माणसांनी सेवा मंदावू दिली ती तिसरी, नोंदी जुळाव्यात म्हणून. प्रमेय विभाजनाच्या क्षणाबद्दल बोलतं, पण त्याचं बिल आधीही फाडलेलं असतं आणि नंतरही भरावं लागतं. पुढे गिटहबने आपल्या यंत्रणेत बदल केला: किनाऱ्यापलीकडे नेतृत्व आपोआप जाऊ द्यायचं नाही.

तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की आमचा साठा तिन्ही गोष्टी देतो, तर एकच विचारा: मधला दुवा तुटला, आणि दोन्ही बाजूंना एकाच वेळी कुणी लिहायला आलं, तर तुम्ही कोणाला ‘नाही’ म्हणता? आणि कोणालाच म्हणत नसाल, तर दुवा जुळल्यावर दोन वह्या कोण जुळवतं?