म्हैस व्याली पण जार पडला नाही? ओढू नका, आधी ताप मोजा

वडनेर (ता. हिंगणघाट) : पावसाळा सरता सरता आपल्याकडे म्हशी व्यायला लागतात आणि त्याबरोबर ‘जार अडकला’ ही तक्रारही सुरू होते. म्हैस व्याल्यावर साधारण चार ते सहा तासांत जार म्हणजे वार पडते. बारा तास उलटले तरी लोंबतच असेल, तर ती अडकली असे समजावे.

जार अडकतो तरी का? गर्भाशयाच्या आतून बटणांसारखे पुष्कळ उंचवटे असतात आणि जार त्या प्रत्येकाला घट्ट धरून असतो. व्याल्यानंतर ही पकड आपोआप सैल होते. पण म्हैस दिवस भरण्याआधी व्याली, गाभडली, रेडकू ओढून काढावे लागले किंवा अंगात कॅल्शियम कमी पडले, तर पकड सुटत नाही. अशा वेळी ओढले की बटणे फाटतात, रक्त जाते, अर्धा जार आतच तुटून राहतो. जाराला दगड, चप्पल बांधणेही तेच. कधी कधी तर त्या वजनाने मायांगच बाहेर येते.

आणखी एक चुकीची समजूत अशी, की जार पडेपर्यंत चीक काढायचा नाही आणि रेडकाला पाजायचाही नाही. खरे तर उलटे आहे. रेडकू सडाला लागले की म्हशीच्या अंगात असा स्राव सुटतो, ज्याने गर्भाशय आकुंचन पावते. म्हणून पहिल्या तासाभरातच चीक पाजा. डॉक्टर जे कळा आणणारे इंजेक्शन देतात तेही याच स्रावाचे असते. पहिल्या काही तासांत त्याचा उपयोग होतो, दुसऱ्या दिवशी फारसा नाही.

मग करायचे काय? लोंबणारा भाग जमिनीला घासत असेल तर तेवढाच कापा, बाहेरचे अंग स्वच्छ पाण्याने धुवा आणि जागा कोरडी ठेवा. त्यानंतर दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. टोकाला तेल लावून गुदद्वारात धरायचा, मात्र तो म्हशीसाठी वेगळाच ठेवायचा. १०१-१०२ अंश ठीक. ताप नाही, म्हैस खाते, रवंथ करते, तर जार आठ-दहा दिवसांत सडून आपोआप सुटतो. वास येतो, पण एवढ्यावरून घाबरून हात घालू देऊ नका.

ताप १०३ च्या वर गेला, चारा सोडला, दूध एकदम आटले किंवा पातळ, लालसर-तपकिरी, घाण वासाची घाण पडू लागली, तर गर्भाशयात संसर्ग झाला आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा किंवा १९६२ वर फोन करा. यावर तीन ते पाच दिवस अँटिबायोटिकची इंजेक्शने लागतात. एका सुईने बरे वाटले म्हणून उपचार सोडला की रोग आत दबून राहतो. या काळातले दूध किती दिवस टाकायचे, तेही डॉक्टरांनाच विचारून घ्या. गर्भाशयात नुसत्या गोळ्या ठेवून मोकळे होणे हा ताप असलेल्या जनावराचा इलाज नव्हे.

खरा तोटा पुढे दिसतो. समजा, म्हैस १ ऑक्टोबरला व्याली. सगळे ठीक असेल तर डिसेंबरअखेर ती फळते आणि ३१० दिवसांनी, म्हणजे पुढच्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, पुन्हा व्यायते. पण आत पू राहिला तर माज येतो, रेतनही होते, आणि म्हैस २१ दिवसांनी उलटते. असे दोन-तीन माज गेले की मार्च लागतो. वर्ध्याच्या उन्हात म्हशीचा माज मुका होतो, कळतच नाही. मग ती फळणार थेट पावसाळ्यात. ऑगस्टच्या मध्यात फळली तर व्यायला त्याच्या पुढच्या वर्षीचा जून उजाडतो. दहा महिने दूध दिले तरी ती जुलैअखेर आटलेली असते. म्हणजे जवळपास अकरा महिने दुधाशिवाय नुसता चारा.

म्हणून जार अडकलेल्या म्हशीची चौथ्या-पाचव्या आठवड्यात, रेतनाच्या आधी, तपासणी करून घ्या. माजाची बळस काचेसारखी स्वच्छ हवी. त्यात पांढरे धागे किंवा पू दिसला तर त्या माजाला रेतन करू नका. अंडाशयावर पिवळी गाठ असेल तर डॉक्टर माजावर आणणारे इंजेक्शन देतात. माज आला की त्या घाणीसह गर्भाशय मोकळे होते. तपासणी न करता हे इंजेक्शन मारू नये, चुकून गाभण जनावराला दिले तर ते गाभडते.

म्हैस सातव्या महिन्यानंतर गाभडली आणि जारही अडकला, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्या. हा रोग माणसालाही होतो, ताप आणि सांधेदुखी महिनोन्‌महिने सोडत नाही. हातमोजे घालूनच जार उचला, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना खाऊ देऊ नका, दूध उकळूनच प्या आणि म्हशीचे रक्त तपासा. घरच्या वगारीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच ही लस मिळते. ते वय गेले की मग देता येत नाही.