चक्रीय प्रक्रियेतील निव्वळ कार्य व निव्वळ उष्णता

ज्या प्रक्रियेच्या शेवटी वायू आपल्या आरंभीच्या दाबावर, घनफळावर व तापमानावर परत येतो, तिला चक्रीय प्रक्रिया म्हणतात. दाब-घनफळ आलेखावर अशी प्रक्रिया एका बंद वक्राने दर्शविली जाते. या वक्राने वेढलेले क्षेत्रफळ म्हणजे एका चक्रातील निव्वळ कार्य होय. आंतरिक ऊर्जा ही केवळ अवस्थेवर अवलंबून असल्याने चक्राअखेरीस तिच्यातील बदल शून्य असतो. म्हणून ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमानुसार निव्वळ उष्णताही तेवढीच असते:

W = ∮ p dV = Q

वक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जात असेल तर वायू बाहेर कार्य करतो आणि निव्वळ उष्णता शोषतो. उलट दिशेच्या वक्रात वायूवर कार्य केले जाते आणि तो निव्वळ उष्णता बाहेर टाकतो. शीतकपाटाचे चक्र या दुसऱ्या प्रकारचे असते.

सोडविलेले उदाहरण

एकाणु आदर्श वायूचे चक्र आयताकृती आहे. दाब १०० ते २०० किलोपास्कल आणि घनफळ १ ते ३ लीटर या मर्यादांत बदलते. एक किलोपास्कल गुणिले एक लीटर म्हणजे एक ज्यूल. त्यामुळे आयताचे क्षेत्रफळ १०० × २ = २०० ज्यूल, आणि निव्वळ कार्यही तेवढेच.

चारही बाजूंवरील उष्णता स्वतंत्रपणे काढून हा निष्कर्ष पडताळता येतो. स्थिर घनफळावर दाब वाढताना वायू १५० ज्यूल उष्णता घेतो आणि २०० किलोपास्कल दाबावर प्रसरण पावताना १००० ज्यूल घेतो. त्यानंतर स्थिर घनफळावर दाब उतरताना तो ४५० ज्यूल आणि आकुंचन पावताना ५०० ज्यूल बाहेर टाकतो. घेतलेली उष्णता ११५०, टाकलेली ९५०. फरक २०० ज्यूल.

येथे विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक दिसून येते. क्षेत्रफळावरून केवळ फरक कळतो, घेतलेली एकूण उष्णता कळत नाही. कार्यक्षमता काढताना २०० ला ११५० ने भागावे लागते (सुमारे १७.४ टक्के), आणि ११५० हा आकडा मिळविण्यासाठी प्रत्येक बाजूचा स्वतंत्र हिशोब करावा लागतो.

प्रत्यक्ष एंजिनातील उपयोग

पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीचे टीव्ही-१ हे एका सिलिंडरचे चार धावांचे डिझेल एंजिन भारतातील अनेक अभियांत्रिकी प्रयोगशाळांत वापरले जाते. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८७.५ मिमी व दट्ट्याची धाव ११० मिमी असून, धावेचे घनफळ सुमारे ६६१ घन सेंमी येते. मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ते ५.२ किलोवॉट शक्ती देते. दोन फेऱ्यांत एक चक्र होत असल्याने सेकंदाला १२.५ चक्रे होतात. म्हणजेच दंडावर दर चक्राला ४१६ ज्यूल कार्य मिळते. आलेखावरील निव्वळ क्षेत्रफळ याहून अधिक असलेच पाहिजे; वरचा भाग घर्षणात व एंजिनाचेच पंप चालविण्यात खर्च होतो.

या एंजिनाच्या आलेखात दोन वेटोळी असतात. संपीडन, ज्वलन व प्रसरण यांचे मोठे वेटोळे घड्याळाच्या दिशेने जाते. हवा आत घेणे व धूर बाहेर टाकणे यांचे लहान वेटोळे बहुधा उलट दिशेने जाते, म्हणून त्याचे क्षेत्रफळ वजा करावे लागते.

मर्यादा व मापनातील चुका

प्रत्यक्ष एंजिनात वायू दर चक्राला बदलतो. त्यामुळे क्षेत्रफळावरून वायूने दट्ट्यावर केलेले कार्य अचूक कळते, परंतु ते निव्वळ उष्णतेएवढे मानता येत नाही. उष्णतेशी समानता फक्त सिलिंडरात तोच वायू कायम राहतो अशा चक्राला लागू पडते.

दाब संवेदकाने आणि घनफळ दंडाच्या कोनावरून काढले जाते. दट्ट्याचे सर्वोच्च स्थान एका अंशाने जरी चुकीचे धरले, तरी क्षेत्रफळात कित्येक टक्क्यांची चूक येऊ शकते. ती ओळखण्यासाठी एंजिन इंधनाविना बाहेरून फिरवतात. भिंतींकडे उष्णता जात असल्याने अशा वेळी सर्वाधिक दाब सर्वोच्च स्थानाच्या किंचित आधी यावयास हवा. तो नंतर येत असेल, किंवा इंधनाविना फिरणाऱ्या एंजिनाचे क्षेत्रफळ धन येत असेल, तर कोनाची मांडणी चुकलेली आहे असे समजावे.

इतिहास

जेम्स वॉट व त्यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी १७९६ च्या सुमारास वाफेच्या एंजिनाचा असा आलेख यंत्राने काढविला. १८३४ मध्ये क्लॅपेरॉन यांनी कार्नो चक्राचे विवेचन याच आलेखाच्या साहाय्याने केले.