पेन्शनधारकाच्या मृत्यूनंतर बँकेला कसे कळवावे आणि जास्त जमा झालेल्या रकमेचे काय करावे

केंद्र सरकारच्या नागरी सेवेतून निवृत्त झालेल्या आणि दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम किंवा फरीदाबाद येथील बँक शाखेतून पेन्शन घेणाऱ्या व्यक्तीच्या कुटुंबीयांसाठी ही माहिती आहे. संरक्षण दल, रेल्वे, राज्य सरकार आणि ईपीएफओची पेन्शन यांची कार्यपद्धती वेगळी आहे, ती येथे दिलेली नाही.

थोडक्यात

- मृत्यूच्या दिवसापर्यंतची (तो दिवस धरून) पेन्शन देय असते. कुटुंब पेन्शन दुसऱ्या दिवसापासून सुरू होते.
- पहिली सूचना पेन्शन देणाऱ्या बँक शाखेला द्यायची असते, लेखी स्वरूपात आणि पोच घेऊन.
- मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम काढू नका. ती परत द्यावी लागते किंवा कुटुंब पेन्शनमधून वळती होते.

बँकेला आपोआप का कळत नाही?

महिन्याची पेन्शन त्या महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी जमा होते. फक्त मार्चची पेन्शन एप्रिलच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी येते. जमा करण्याचे काम शाखा करत नाही, बँकेचे केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्र करते. या केंद्राला कोणी कळवले नाही, तर त्याच्या दृष्टीने पेन्शनधारक हयात असतो.

हयातीचा दाखला वर्षातून एकदाच, नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो (80 वर्षांवरील व्यक्तींना तो ऑक्टोबरपासून देता येतो). नोव्हेंबरमध्ये दाखला दिला आणि डिसेंबरमध्ये मृत्यू झाला, तर कोणी न कळवल्यास पुढचे अकरा-बारा महिने पूर्ण पेन्शन जमा होत राहू शकते. महापालिकेकडे मृत्यूची नोंद केली म्हणजे बँकेलाही कळले, असे धरून चालू नका.

पायरी 1: मृत्यूचा दाखला योग्य ठिकाणाहून घ्या

मृत्यूची नोंद राहत्या पत्त्यावरून होत नाही. मृत्यू जिथे झाला तिथे ती होते. राजधानी परिसरात इथेच गोंधळ उडतो. वडील नोएडात राहत होते, पण दिल्लीतील रुग्णालयात वारले, तर नोंद दिल्लीत होईल. दिल्लीतही तो भाग दिल्ली महानगरपालिका, नवी दिल्ली नगरपालिका परिषद किंवा छावणी मंडळ यांपैकी कोणाकडे येतो ते पाहावे लागते. रुग्णालयातील मृत्यूची माहिती निबंधकाला रुग्णालयच कळवते. घरी मृत्यू झाल्यास ती कुटुंबाने कळवायची असते.

नोंदणीची मुदत 21 दिवसांची आहे. त्यानंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. पुढे एक वर्षापर्यंत अधिकाऱ्याची परवानगी आणि एक वर्षानंतर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्याच्या निदान पाच-सहा प्रती काढून ठेवा. दाखल्यावरील नाव पेन्शन अदायगी आदेशावरील नावाशी जुळते का ते अक्षर न् अक्षर तपासा. मराठी कुटुंबांत एका कागदावर वडिलांचे नाव मधे असते आणि दुसऱ्यावर नसते, आणि एवढ्यावर प्रकरण परत येते.

दाखला मिळायला उशीर लागणार असेल, तर बँकेला कळवण्यासाठी त्याची वाट पाहू नका. आधी साधे पत्र द्या आणि दाखला मिळताच जोडा.

पायरी 2: शाखेला लेखी सूचना द्या

दिल्लीतील शाखेत पत्र हिंदी किंवा इंग्रजीत दिलेले सोयीचे पडते. पत्रात एवढे लिहा:

- पेन्शनधारकाचे पूर्ण नाव, खाते क्रमांक आणि पेन्शन अदायगी आदेशाचा 12 अंकी क्रमांक
- मृत्यूची तारीख
- "या तारखेनंतरची पेन्शन जमा करू नये" ही स्पष्ट विनंती
- पती किंवा पत्नी हयात असल्यास कुटुंब पेन्शन सुरू करण्याची विनंती
- मृत्यूनंतर एखादी पेन्शन जमा झाली असल्यास तिची तारीख आणि रक्कम

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. "साहेबांना सांगून ठेवले आहे" याला पुढे काही अर्थ राहत नाही. उद्या जास्त रकमेचा प्रश्न निघाला, तर तुम्ही कोणत्या तारखेला कळवले होते याचा एकमेव पुरावा ही पोच असते.

केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालय नवी दिल्लीत भिकाजी कामा प्लेस येथील त्रिकूट-2 इमारतीत आहे. दिल्लीतील कुटुंबे पुष्कळदा थेट तिथेच जातात. पण पेन्शन थांबवणे आणि कुटुंब पेन्शन सुरू करणे ही कारवाई बँकेकडून होते, आणि पुढील माहिती बँकच या कार्यालयाला पाठवते. म्हणून आधी शाखेत जा. शाखेने दाद दिली नाही, तरच या कार्यालयाकडे वळा.

पायरी 3: कुटुंब पेन्शन

*पती किंवा पत्नीचे नाव पेन्शन अदायगी आदेशात असेल आणि पेन्शनचे खाते दोघांचे संयुक्त असेल, तर* नवीन खाते उघडावे लागत नाही. पत्र, मृत्यूचा दाखला, असल्यास पेन्शन अदायगी आदेशाची प्रत, वयाचा पुरावा आणि जास्त रक्कम आल्यास परत करण्याचे हमीपत्र यांवर काम होते.

*खाते फक्त पेन्शनधारकाच्या नावावर असेल, तर* पती किंवा पत्नीला स्वतःच्या खात्याचा तपशील आणि ओळखीची कागदपत्रे देऊन अर्ज करावा लागतो.

*दावा मुलांपैकी कोणाचा असेल (उदाहरणार्थ दिव्यांग मुलगा किंवा पात्र अविवाहित मुलगी) आणि त्यांचे नाव आदेशात नसेल, तर* बँक निर्णय घेऊ शकत नाही. पेन्शनधारक ज्या कार्यालयातून निवृत्त झाले, त्या कार्यालयप्रमुखांकडे अर्ज करावा लागतो.

जास्त रक्कम कशी तयार होते: एक हिशोब

हे उदाहरण समजण्यासाठी रचलेले आहे. मूळ पेन्शन दरमहा 40,000 रुपये. त्यावर त्या वेळचा 50 टक्के महागाई दर धरून हातात 60,000 रुपये. शेवटचा पगार 80,000 रुपये असल्याने सामान्य दराने कुटुंब पेन्शन त्याच्या 30 टक्के, म्हणजे 24,000 रुपये, आणि महागाईसह 36,000 रुपये. पेन्शनधारकाचे वय 78 होते, म्हणून वाढीव दराचा प्रश्न येत नाही. (तो दर मृत्यूनंतर सात वर्षे किंवा पेन्शनधारक 67 वर्षांचे झाले असते त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवरच मिळतो.)

मृत्यू 12 एप्रिल 2024 रोजी झाला. खाते पत्नीसह संयुक्त होते. बँकेला 8 जुलैला कळवले गेले. तोपर्यंत एप्रिल, मे आणि जूनची पेन्शन जुन्याच दराने जमा झाली होती.

| महिना | जमा झाले | खरे देय | जास्त |
|---|---|---|---|
| एप्रिल | 60,000 | 45,600 | 14,400 |
| मे | 60,000 | 36,000 | 24,000 |
| जून | 60,000 | 36,000 | 24,000 |
| एकूण | 1,80,000 | 1,17,600 | 62,400 |

एप्रिलचा आकडा असा येतो: 12 दिवसांची पेन्शन 24,000 रुपये आणि उरलेल्या 18 दिवसांची कुटुंब पेन्शन 21,600 रुपये.

पत्नीला वाटले, खाते संयुक्त आहे आणि पैसे येत आहेत, म्हणजे कुटुंब पेन्शन सुरू झाली असावी. संयुक्त खात्यातील ही नेहमीची चूक आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. मृत्यूनंतरही आधी होती तीच रक्कम जमा होत असेल, तर पेन्शन अजून मृत व्यक्तीच्या नावानेच चालू आहे. वाढीव दर लागू नसेल, तर कुटुंब पेन्शनचा आकडा ठळकपणे कमी दिसला पाहिजे. या कुटुंबाने 20 एप्रिलला पत्र दिले असते आणि बँकेने महिनाअखेरीपूर्वी नोंद घेतली असती, तर जास्त रक्कम तयारच झाली नसती.

जास्त रक्कम परत कशी होते?

पेन्शन सुरू होताना प्रत्येक पेन्शनधारक बँकेला हमीपत्र देतो. हक्काबाहेरची रक्कम जमा झाल्यास ती परत केली जाईल, असे त्यात असते आणि ते वारसांवरही बंधनकारक असते. बँक याच कागदाच्या आधारे वसुली करते.

वरील उदाहरणात पत्नीची कुटुंब पेन्शन चालू राहणार आहे. त्यामुळे 62,400 रुपये खात्यात असतील, तर एकदम परत करता येतील. खर्च झाले असतील, तर हप्त्यांनी वळते करण्याची लेखी विनंती करा आणि तिच्यात दरमहा किती रक्कम झेपेल ते लिहा. हप्ते कसे असावेत याचे रिझर्व्ह बँकेचे जुने निर्देश 21 जानेवारी 2021 रोजी मागे घेण्यात आले. तेव्हापासून वसुलीच्या पद्धतीबाबत बँकांनी पेन्शन मंजूर करणाऱ्या प्राधिकाऱ्याचे मार्गदर्शन घ्यायचे असते. म्हणून कापणी सुरू होण्याआधी बँकेकडून महिनावार हिशोब लेखी मागा. एकूण जमा रक्कम मागितली जात आहे की देय कुटुंब पेन्शन वजा केल्यानंतरचा फरक, हे त्यात पाहा. वरील प्रकरणात 1,80,000 रुपये मागणे चुकीचे ठरेल.

कुटुंब पेन्शन घेणारे कोणी नसेल, तर बँक मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम आधी परत घेते आणि उरलेली शिल्लक नामनिर्देशित व्यक्तीला देते. वारसाची जबाबदारी साधारणपणे त्याला वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती असते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मृत्यूनंतर वडिलांच्या एटीएम कार्डाने अंत्यविधीसाठी पैसे काढले. आता?*
रक्कम आणि तारीख लपवू नका, बँकेला पत्रात कळवा. खाते एकट्या वडिलांच्या नावावर असेल, तर मृत्यूनंतर ते कार्ड वापरता येत नाही.

*मृत्यू 12 तारखेला झाला, पण त्या महिन्याची पेन्शन जमाच झाली नाही. पहिल्या 12 दिवसांचे पैसे बुडाले का?*
नाही. ती थकबाकी पेन्शनधारकाने यासाठी नामनिर्देशित केलेल्या व्यक्तीला मिळते. बँक खात्याचे नामनिर्देशन आणि पेन्शन थकबाकीचे नामनिर्देशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

*सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तांकडून वसुली करू नये असे म्हटले आहे ना?*
रफीक मसीह प्रकरणातील 18 डिसेंबर 2014 चा निकाल कर्मचाऱ्याची चूक नसताना कार्यालयाने चुकून दिलेल्या जास्त वेतनाबद्दल आहे. मृत्यूची सूचना न दिल्यामुळे जमा झालेल्या पेन्शनला तो सरसकट लागू होतो असे धरू नका.

*शाखा पत्र घेत नाही किंवा महिनोन्‌महिने कुटुंब पेन्शन सुरू करत नाही.*
पत्र स्पीड पोस्टाने शाखेला आणि बँकेच्या पेन्शन प्रक्रिया केंद्राला पाठवा. त्यानंतर pgportal.gov.in/cpengrams येथे तक्रार नोंदवा किंवा केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयाच्या 1800-11-77-88 या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधा. तक्रारीत पेन्शन अदायगी आदेशाचा क्रमांक आणि शाखेला दिलेल्या पहिल्या पत्राची तारीख लिहा.