१२ ऑगस्ट १७६५ : कंपनीच्या हाती दिवाणी

अलाहाबाद येथे मुघल बादशहा शाह आलम दुसरा याने बंगाल, बिहार आणि ओडिशाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, ईस्ट इंडिया कंपनीला दिला. कंपनीतर्फे रॉबर्ट क्लाइव्ह हजर होता. बदल्यात बादशहाला वर्षाला २६ लाख रुपये ठरले. (ओडिशाचा बहुतेक मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता, तिथे हा कागद कागदच राहिला.)

या तारखेचे खरे महत्त्व व्यापाराच्या हिशेबात आहे. पूर्वी कंपनी बंगालचे सुती आणि रेशमी कापड घेण्यासाठी विलायतेहून चांदी आणत असे. दिवाणीनंतर शेतकऱ्याने भरलेल्या साऱ्यातूनच मालाची खरेदी होऊ लागली. माल परदेशी गेला, पण त्याचा मोबदला बाहेरून येईना. कंपनी या खरेदीला चक्क ‘गुंतवणूक’ म्हणे! विणकराचेही हात बांधले गेले. कंपनीचा गुमास्ता आगाऊ रक्कम गळ्यात मारी, दर स्वतः ठरवी आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला कापड विकू देत नसे. दाद मागायची तर समोर तीच कंपनी.

पाऊस हुकल्यावर १७७० मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला. एक तृतीयांश लोक दगावल्याचा अंदाज खुद्द कंपनीचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याने पत्रातून कळवला. त्याच पत्रात त्याने नोंदवले, की १७७१ ची वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ पेक्षाही जास्त झाली.