सामंत म्हणजे कोण? मांडलिक की शेजारी?

मंडळी, आपल्या सिंधुदुर्गात सावंत आणि सामंत घरोघरी भेटतात. शब्द मूळचा एकच, ग्रामचं गाव झालं तसं सामंतचं सावंत झालं. अर्थ विचारलात तर कोणीही सांगेल, राजाच्या हाताखालचा सरदार.

पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाहा. जमीन विकायची तर ती विकत घ्यायचा पहिला हक्क भावबंदांचा, मग सामंताचा, मग धनकोचा. इथे सामंत म्हणजे साधा बांधाला बांध लागलेला शेजारी! हद्दीचा तंटा सोडवायलाही हेच सामंत. बांधावरनं भांडणारे आपण, आपल्याला हा अर्थ चटकन कळायला हवा.

आता खरी गंमत. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात ग्रीक राजा अंतियोक आणि त्याचे 'सामंत' राजे येतात. आजचा अर्थ लावून कोणी त्यांना अंतियोकाचे मांडलिक म्हणेल. पण गिरनारच्या प्रतीत त्याच जागी 'सामीप' आहे, म्हणजे जवळचे. शिवाय तेराव्या लेखात अंतियोकापलीकडचे राजे नावानिशी दिलेत. त्यात तुरमाय, म्हणजे इजिप्तचा टॉलेमी. तो कुठला कोणाच्या हाताखालचा!

बाणभट्टाच्या हर्षचरितात, सातव्या शतकात, सामंत दरबारात मान तुकवून उभे दिसतात. जिंकलेल्या शेजाऱ्याला राज्यावर ठेवून खंडणी घ्यायची रीत पडली, आणि शेजाऱ्याचा शब्द अंकिताला चिकटला. उत्तर कोकणातले शिलाहार पुढे 'महासामंताधिपति' हेच बिरुद मिरवतात.

म्हणून जुन्या लेखात सामंत दिसला की आधी लेखाचा काळ बघायचा, मग ठरवायचं, सरदार की शेजारी.