संमती, चेहरा व आवाज (व्हिडिओनिर्मिती)

खऱ्या व्यक्तीचा चेहरा किंवा आवाज तिच्या परवानगीविना न वापरण्याचे, डीपफेकच्या धास्तीतून आलेले बंधन. ओपनएआयच्या सोरा ॲपने २०२५ मध्ये ते ‘कॅमिओ’ सुविधेतून राबवले. वापरकर्त्याने कॅमेऱ्यासमोर मान वळवून, आकडे वाचून ओळख पटवायची आणि आपली छबी कोणी वापरावी हे ठरवायचे. परवानगी मागेही घेता येई. हयात नामवंतांनाही हाच नियम होता. दिवंगत ऐतिहासिक व्यक्ती मात्र त्यातून सुटल्या. मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांची अवमानकारक चित्रणे पसरल्यावर, वारसांच्या विनंतीवरून ऑक्टोबर २०२५ मध्ये ती थांबवावी लागली. मृताच्या वतीने संमती कोणी द्यायची, हे खरे तर आधीच ठरायला हवे होते. परवानगी मागे घेतली, तरी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती फिरतच राहतात.