इन-इअर मॉनिटर, बिनतारी : रायगड किनाऱ्यावरील फ्रिक्वेन्सीची निवड

गायक-वादकांच्या कानात मंचाचा आवाज पोहोचवणारी ही यंत्रणा. ट्रान्समीटर मंचालगत असतो आणि रिसीव्हर कलाकाराच्या कमरेला. मायक्रोफोनपेक्षा हे नेमके उलट आहे, म्हणून मोकळी जागा मिक्सरजवळ नव्हे, तर कलाकार उभा राहतो तिथेच शोधावी लागते. ट्रान्समीटर बंद ठेवून बेल्टपॅक हातात घेऊन मंचभर फिरावे. तरीही सिग्नलचे दिवे लागले, तर ती फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कोणाची तरी आहे. स्कॅन करताना एलईडी भिंत चालू हवी. ती लागली की अनेकदा सगळा तळ खरखरीने वर उचलला जातो.

अलिबाग ते मुरूड या पट्ट्यात अडचण समुद्रापलीकडून येते. मुंबई दूरदर्शनचा वरळीचा मनोरा 300 मीटर उंच आहे. तिथून अलिबाग सुमारे 40 किलोमीटर, आणि मध्ये बहुतांशी पाणीच. भारतात टीव्हीचा एक यूएचएफ चॅनेल 8 मेगाहर्ट्झ रुंद असतो. डिजिटल प्रक्षेपण स्कॅनरवर सपाट माथ्याच्या ठोकळ्यासारखे दिसते. त्या ठोकळ्यात संच लावायचाच नाही. उन्हाळ्यात, वारा पडलेल्या संध्याकाळी, समुद्रावरच्या हवेच्या थरांत लहरी अडकून फार दूरवर जातात. दुपारी रिकामा दिसलेला चॅनेल रात्री भरलेला सापडू शकतो.

दुसरे संकट आपणच तयार करतो. ट्रान्समीटर शेजारी-शेजारी असले की त्यांच्या लहरी एकमेकांत मिसळून नव्या फ्रिक्वेन्सी जन्मतात. त्यांतली सर्वांत त्रासदायक म्हणजे एकीची दुप्पट वजा दुसरी. म्हणून समान अंतर ठेवण्याची सवय घातक ठरते : 518.0 आणि 518.4 लावले, तर 518.8 आपोआप बिघडते, आणि तिसरा संच नेमका तिथेच बसवला जातो. अलिबागच्या किनाऱ्यावरील लग्नाच्या मंचावर चार संच लावायचे आणि 518 ते 526 हा चॅनेल तिथे मोकळा सापडला, असे धरू. 518.0, 518.4, 519.2 आणि 521.0 घेतले, तर दोन किंवा तीन ट्रान्समीटरच्या अशा मिश्रणातून निघणारी कोणतीही फ्रिक्वेन्सी या चारांपैकी एकीच्याही 0.4 मेगाहर्ट्झहून जवळ येत नाही. चारही ट्रान्समीटर कंबाइनरमधून एकाच दिशादर्शी अँटेनाला जोडावेत. चार सुट्या अँटेना एका रॅकवर उभ्या करणे म्हणजे मिश्रणाला आमंत्रण. मायक्रोफोनचे रिसीव्हर या अँटेनापासून दूर आणि वेगळ्या चॅनेलवर हवेत.

शेजारच्या रिसॉर्टवरही त्याच मुहूर्ताचे लग्न असेल, तर स्कॅन पुरेसा नसतो, कारण त्यांचे संच तोवर बंदच असतात. त्यांच्या साउंडवाल्याला भेटून चॅनेल वाटून घेणे हाच उपाय. वरात परतली आणि दोन्हीकडचे संच सुरू झाले, की पुन्हा एकदा बेल्टपॅक घेऊन फिरावे. तेव्हा अडथळा आढळलाच, तर वापरायला एक मोकळी, मिश्रणातही तपासलेली फ्रिक्वेन्सी राखीव लिहून ठेवलेली असावी.